थिसिस रेंडरिंगसाठी दोन वर्कस्टेशन वाढीव वेळेत मिळण्याबाबत विनंतीपत्र

दिनांक : ६ एप्रिल २०२६

प्रति,
मा. विभागप्रमुख,
वास्तुकला विभाग, पुणे

विषय : संगणक प्रयोगशाळेतील वर्कस्टेशन क्र. ११ व १२ दि. १३ ते १५ एप्रिल सलग ३६ तास, १६ एप्रिलची रात्र आणि राखीव म्हणून २० एप्रिलची रात्र वापरण्यास परवानगी मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,

मी बी. आर्क.च्या दहाव्या सत्राची विद्यार्थिनी असून माझा थिसिस कसबा पेठेतील तांबट आळीवर आहे. कारागिरांची घरे आणि कार्यशाळा एकाच वाड्यात ठेवून चौकातून कामापुरता उजेड खालच्या मजल्यापर्यंत कसा पोचवता येईल, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. अंतिम ज्युरी २७ एप्रिलला असून शीट २२ तारखेला छपाईला द्यायची आहेत. प्रयोगशाळा संध्याकाळी ७ वाजता बंद होते आणि दिवसभर तिथे खालच्या वर्गांचे तास असतात. त्या वेळेत हे रेंडरिंग पूर्ण होणे शक्य नाही, म्हणून हा अर्ज करत आहे.

आधी काम किती आहे ते सांगते. सगळ्या वेळा मशीन क्र. ११ वर (१२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड) चाचणी घेऊन मोजल्या आहेत. चौकातून पहिल्या मजल्यावर जाणारा ४० सेकंदांचा वॉकथ्रू २४ फ्रेम प्रति सेकंद या हिशेबाने ९६० फ्रेमचा होतो. १९२० × १०८० आकाराच्या एका फ्रेमला २५६ सॅम्पलवर साडेतीन मिनिटे लागतात, म्हणजे एकूण ५६ मशीन-तास. २१ जून आणि २१ डिसेंबर या दोन दिवसांचा सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असा दर तासाचा सूर्यअभ्यास २० चित्रांचा आहे. प्रत्येकी १४ मिनिटे धरली की ४ तास ४० मिनिटे होतात. ए-१ शीटसाठी पाच अंतर्गत चित्रे प्रत्येकी २ तास आणि तीन बाह्य चित्रे प्रत्येकी ५० मिनिटे, मिळून साडेबारा तास. सगळे धरून सुमारे ७३ मशीन-तास लागतील.

शीटवरची चित्रे मी १५० डीपीआयलाच ठेवली आहेत (४९६७ × ३५०८ पिक्सेल). ३०० डीपीआयला पिक्सेल चौपट होतात आणि दोन तासांचे चित्र आठ तासांवर जाते. ज्युरी शीटपासून हातभर दूर उभे राहून बघते, तेवढ्या अंतरावरून हा फरक दिसत नाही.

एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न येईल. एन्स्केपसारख्या रिअल-टाइम साधनांत हे चित्र काही मिनिटांत निघते, पण तिथे परावर्तित उजेड बराचसा अंदाजाने काढला जातो आणि माझ्या थिसिसचा मुद्दा नेमका तोच उजेड आहे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे अरुंद चौकात थेट ऊन फक्त उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या भागावर पडते. खाली येतो तो चुन्याच्या गिलाव्यावरून तीन-चार वेळा उसळलेला उजेड. २१ जूनला सूर्य माथ्याच्याही थोडा उत्तरेला जातो, ऊन सरळ जोत्यापर्यंत उतरते आणि कारागिराच्या डोळ्यावर येते. या दोन टोकांमधला फरक खरा दाखवायचा तर किरणांचा पूर्ण हिशेब करणारे सायकल्स इंजिनच वापरावे लागते.

त्यात तांबे आहे. मठारकामातल्या प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो. सॅम्पल कमी पडले की रेंडरमध्ये पांढरे ठिपके उठतात. ६४ सॅम्पल आणि डीनॉइझर असा प्रयोग २४ फ्रेमवर करून पाहिला. वेळ चौथाईवर आला, पण लाकडी खांबांवरची नक्षी विरघळल्यासारखी दिसली आणि फ्रेम बदलताना भांड्यांवरचा उजेड लुकलुकत राहिला. २५६ वर तो स्थिर झाला, म्हणून त्याखाली गेले नाही.

माझ्या लॅपटॉपच्या कार्डात ४ जीबी मेमरी आहे. टेक्स्चर ४के वरून २के वर आणून आणि कौलांचे इन्स्टन्स करूनही फाइल १० जीबीच्या वर जाते आणि `System is out of GPU memory` असा संदेश येऊन काम थांबते. प्रोसेसरवर चालवले तर फ्रेमला ५० मिनिटे, म्हणजे एकट्या वॉकथ्रूला ३३ दिवस लागतील. बाहेरच्या रेंडर फार्मचा पर्याय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. मॉडेलमध्ये राहत्या घरांच्या आतली मापे आणि छायाचित्रे आहेत. त्या कुटुंबांनी ती फक्त महाविद्यालयातील अभ्यासासाठी वापरू दिली आहेत आणि तो शब्द मला पाळायचा आहे.

आता वेळापत्रक. १३ तारखेला दुपारी मार्गदर्शक अंतिम मॉडेल तपासतील, त्यानंतर त्यात बदल होणार नाही. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने मशीन दिवसभर मोकळी असतील आणि कोणाचाही तास बुडणार नाही. म्हणून १३ तारखेला रात्री ८ पासून १५ तारखेला सकाळी ८ पर्यंत दोन्ही मशीन सलग चालू ठेवावीत अशी विनंती आहे. वॉकथ्रू दोन मशीनवर प्रत्येकी २८ तासांत होईल. त्यामागोमाग सूर्यअभ्यासाची निम्मी-निम्मी चित्रे लावली की प्रत्येकी साडेपाच तासांची सवड राहते. १६ तारखेला रात्री ८ ते सकाळी ७ या वेळेत शीटची आठ चित्रे प्रत्येक मशीनवर जास्तीत जास्त साडेसहा तासांत निघतील आणि उरलेल्या वेळात बिघडलेल्या फ्रेम पुन्हा काढता येतील. २० तारखेची रात्र (तीही ८ ते ७) फक्त मार्गदर्शकांनी दुरुस्ती सांगितली तर लागेल. ती नको असल्यास त्या दिवशी दुपारी १२ पर्यंत प्रयोगशाळेत कळवीन.

रात्री मी किंवा दुसरे कोणी प्रयोगशाळेत थांबणार नाही. काम पुढील आज्ञेने सुरू करून खोलीला कुलूप लावता येईल :

```
blender -b D:\thesis\chowk.blend -o D:\frames\ch_#### -F OPEN_EXR_MULTILAYER -s 1 -e 960 -j 2 -a -- --cycles-device OPTIX
```

क्र. १२ वर `-s 1` च्या जागी `-s 2` येईल. त्यामुळे एक मशीन विषम आणि दुसरे सम फ्रेम काढेल. पहिल्या ४८० आणि शेवटच्या ४८० अशी वाटणी केली तर आतल्या खोलीच्या जड फ्रेम एकाच मशीनच्या वाट्याला येतात आणि दुसरे आधीच रिकामे होते. शेवटचा `--cycles-device` हा भाग आवश्यक आहे, कारण ग्राफिक्स कार्डाची निवड प्रत्येक लॉगिनपुरती साठवली जाते. प्रयोगशाळेतले विद्यार्थी लॉगिन रोज कोरे होते, त्यामुळे हा भाग राहिला तर सगळे काम काही न सांगता प्रोसेसरवर जाते.

फ्रेम थेट व्हिडिओत न साठवता सुट्या ईएक्सआर फाइलींत ठेवणार आहे. व्हिडिओ लिहीत असताना वीज गेली तर अख्खी फाइल वाया जाते, सुट्या फाइलींत एकच फ्रेम जाते. फाइलमधील ओव्हरराइट बंद केले आहे. अर्धवट लिहिलेली फाइल राहिली तर ती पूर्ण समजून पुढे गाळली जाते, म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी पॉवरशेलमध्ये हे चालवीन :

```
Get-ChildItem D:\frames\*.exr | Where-Object Length -lt 5MB | Remove-Item
```

मग तीच पहिली आज्ञा दिली की झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे चालू होते. चांगली फ्रेम २५ एमबीच्या आसपास असते, त्यामुळे ५ एमबीची मर्यादा सुरक्षित आहे. दोन्ही मशीन मिळून २४ जीबी जागा लागेल. २२ तारखेला मी ती रिकामी करून देईन.

परवानगी मिळाल्यास प्रयोगशाळा सहायकांच्या मदतीने आधी काही गोष्टी कराव्या लागतील. संध्याकाळी ७ वाजता आपोआप होणारे लॉग-ऑफ या दोन मशीनसाठी थांबवावे लागेल, नाहीतर आज्ञेची खिडकी बंद होऊन रेंडर तिथेच संपेल. विंडोज अपडेट त्या आठवड्यापुरते स्थगित आणि स्लीप ‘नेव्हर’वर हवे. ६०० व्हीएच्या यूपीएसवर फक्त सीपीयू राहावा, मॉनिटर नको. रेंडरच्या भारात तो चार-पाच मिनिटेच टिकतो, पण छोटे झटके त्यात निघून जातात. सुट्टीच्या दिवशी मजल्याचा मुख्य स्विच बंद केला जातो, तो १४ तारखेला चालू राहावा असे सुरक्षारक्षकांना लेखी कळवावे, ही विशेष विनंती.

एसीबद्दलही विचार व्हावा. दार-खिडक्या आणि एसी बंद ठेवून केलेल्या चाचणीत ४० मिनिटांत कार्ड ८३ अंशांवर गेले आणि फ्रेमची वेळ साडेतीन मिनिटांवरून ४ मिनिटे २० सेकंदांवर आली. त्या गतीने ३६ पैकी साडेचौतीस तास वॉकथ्रूलाच जातील आणि सूर्यअभ्यास बसणार नाही. एप्रिलमधली दुपार लक्षात घेता एकच एसी २७ अंशांवर ठेवला तरी पुरेल. ते शक्य नसेल तर एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून सूर्यअभ्यास मी १६ तारखेवर ढकलीन. राखीव रात्र धरून दोन मशीनची वीज ४० युनिटच्या आसपास होईल, एसीची अर्थात वेगळी.

१४ तारखेला सकाळी १० आणि संध्याकाळी ६ वाजता प्रत्येकी १५ मिनिटे, सुरक्षारक्षकांच्या नोंदवहीत सही करून, काम चालू आहे का ते पाहण्यास मला आत सोडावे. वीज जाऊन मशीन बंद पडले असेल तर लॉगिन करून पुन्हा सुरू करण्यासाठी माणूस लागतोच.

१२ जीबी कार्डाची चारच मशीन आहेत याची मला जाणीव आहे, म्हणून दोनच मागत आहे. क्र. १३ आणि १४ वर्गमित्रांसाठी मोकळी राहतील. त्यांच्यापैकी कोणाला १६ तारखेची रात्र अधिक गरजेची असेल तर मी १७ तारीख घेईन. पण १३ ते १५ चे सलग ३६ तास मिळाले नाहीत तर वॉकथ्रू किमान तीन रात्रींत तुटक करावा लागेल आणि छपाईची तारीख हुकण्याची भीती आहे. त्यामुळे आपण एकच गोष्ट मान्य करू शकत असाल तर ती हीच असावी.

शुक्रवार दि. १० पर्यंत निर्णय कळल्यास शनिवारी ही तयारी करून दहा फ्रेमची रंगीत तालीम घेता येईल. आपल्याला चाचणीच्या फ्रेम पाहायच्या असतील तर सांगाल त्या वेळी घेऊन येते.

आपली नम्र,
ऋतुजा जाधव
बी. आर्क., दहावे सत्र, हजेरी क्र. ३१

सोबत : मार्गदर्शकांचे संमतीपत्र, चाचणीच्या वेळांचा तक्ता
प्रत : प्रयोगशाळा प्रमुख, सुरक्षा विभाग