राखीसोबतची चिठ्ठी: एक दादाची, एक नंदीची

प्रिय दादा,

पाकीट उघडलंस की आधी राख्या मोज. दोन आहेत. लाल गोंड्याची तुझी. पिवळ्या रेशमाची, बोटाएवढी लहान आहे ती तुझी नाही. घाईघाईत दोन्ही हातात बांधून घेशील म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलं. ती कोणाची, ते खाली आहे.

दोन्ही इतवारीतून आणल्या. सकाळी पाऊस आणि दुपारी असं ऊन, की छत्री त्याला लावू का याला तेच कळेना. आई सोबत होती. तिनं सात दुकानं फिरवली आणि शेवटी पहिल्याच दुकानातली लाल राखी घेतली. "त्याला भपका आवडत नाही" म्हणत होती, पण गोंडा मात्र सगळ्यात मोठा निवडला. पुडीत अक्षता आणि कुंकू आहे. संत्रा बर्फी आहे, बारा वड्या. आईनं मोजून ठेवल्या आहेत, त्यामुळे पिल्लूपर्यंत किती पोचल्या ते मी तिलाच विचारणार. पाकिटावरचा पत्ता बाबांनी लिहिला. अक्षरं एवढी मोठी काढली की पोस्टातल्या माणसाला चष्म्याची गरज पडली नसेल.

आता राखीचं ऐक. गेल्या वर्षी मी तुला मोबाईलवर ओवाळलं. निरांजन स्क्रीनजवळ नेलं तर तुझा चेहराच दिसेना, नुसता उजेड. आणि कुंकू मी काचेवर लावलं, ते तुझ्या नाकावर गेलं. वहिनी हसत होती, मीही हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ ती काच पुसावीशी वाटली नाही. म्हणून यंदा मोबाईल नको. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी पाटावर बस, डोक्यावर रुमाल घे, वहिनी ओवाळेल आणि राखी पिल्लू बांधेल. माझ्या वतीनं. गाठ तिला जमणार नाही, सैल बसेल. बसू दे. वहिनीकडून घट्ट करून घेऊ नकोस. दिवसभर सरकत राहिली की दिवसभर आठवण येईल.

आणि ओवाळणी. यंदा जीपेवर पाठवू नकोस, मी परत करीन. मला वेगळी ओवाळणी हवी आहे.

गेल्या रविवारी माळ्यावरून आपला नंदी काढला. सागाचा, तोच. शिंगाची पितळी टोपी एकच उरली आहे, पाठीवरची झूल उंदरांनी खाल्ली, पण चाकं चारही जागेवर आहेत. मागचं डावं चाक आठवतं? मी सात वर्षांची होते. तान्ह्या पोळ्याला आपण नंदी घेऊन निघालो आणि गल्लीच्या तोंडाशीच ते चाक निघून नालीत गेलं. मी तिथंच बसून रडायला लागले. तू काही बोलला नाहीस. नंदी खांद्यावर घेतलास आणि घरोघरी गेलास. कोणी विचारलं तर सांगायचास, "हिचा नंदी थकला आहे, म्हणून उचलून घेतला." सगळ्यांनी बोजारा माझ्या हातात दिला. घरी आल्यावर तू बामच्या डबीचं झाकण खिळ्यानं ठोकून चाक बसवलंस. ते अजून आहे, दादा. मी बोटानं फिरवून पाहिलं, फिरतं.

त्या दिवशी तुझ्या शर्टाच्या खांद्याला हळद आणि तेल लागलं होतं. आई रागावली, तर तू म्हणालास, "माझी खांदमळणी झाली." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. आता कळतं.

तर पिवळी राखी नंदीची आहे. पण ती पिल्लूनं स्वतः येऊन बांधायची. राखीनंतर पंधरा दिवसांत पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पिल्लू आता तीन वर्षांची झाली. पुण्यात तिला लाकडी बैल कोण ओढू देणार? इथं महालात सकाळी मारबत बघायची, काळी आणि पिवळी दोन्ही, बडग्यांसकट. तू आम्हाला खांद्यावर बसवून "ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" म्हणायला लावायचास, तसं तिला लावायचं. संध्याकाळी नंदी घेऊन निघायचं. बाबा तयारच आहेत. तान्हा पोळा १८०६ साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, इथपासून ते सुरुवात करतील, आणि वाड्यातल्या मोठ्या नंदीपर्यंत येतायेता पिल्लू झोपेल. तरी त्यांना सांगू दे. ते महिनाभरापासून कोणाला तरी सांगायला शोधून राहिले.

सुट्टी मिळत नाही, हे मला सांगू नकोस. त्यासाठी झडती तयार आहे. पोळ्यात सगळ्यांसमोर म्हणीन:

नंदी रे नंदी, सागाचा नंदी,
पुण्याच्या दादाला आली रे संधी!
दादा म्हणे मला नाही बा सुट्टी,
नंदीनं धरली दादाशी कट्टी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

वहिनीला सांग, पुरणपोळी मी करणार आहे, तिनं फक्त यायचं. सकाळी तर्री पोहे आणायला तुलाच पाठवणार, कारण तर्री जास्त घालून आणायला तुलाच जमतं.

राखीच्या दिवशी पिल्लूचा बांधतानाचा फोटो पाठव. तुझा नको, तिच्या हाताचा पाठव.

तुझी,
चिमी

ता. क. त्या वर्षीचा बोजारा सत्तावीस रुपये झाला होता. मी तुला सांभाळायला दिला होता. अजून मिळालेला नाही.

•

(राखीच्या दिवशी सकाळी दादाचं उत्तर, व्हॉट्सॲपवर)

चिमे, फोटो बघ. गाठ तीन वेळा सुटली, चौथ्यांदा तिनं चक्क चिकटपट्टी लावली. तशीच घालून ऑफिसला आलो आहे. कोणी विचारलं की सांगतो, बहिणीनं बांधली.

बर्फी सात पोचल्या. पाच वाटेत गेल्या म्हण. आईला सांगू नको ना बे.

तुझी चिठ्ठी वहिनीनं मोठ्यानं वाचली. चाकाच्या ठिकाणी ती थांबली, मग मला वाचायला दिली, आणि मलाही पुढं वाचता येईना. ते झाकण अजून टिकलं हे मला खरंच माहीत नव्हतं.

गरीबरथचं तिकीट काल रात्री काढलं. तिघांचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतो. स्टेशनवर बाबांना पाठवू नको, तूच ये. पिवळी राखी पिल्लूनं कंपासपेटीत ठेवली आहे आणि कोणालाही हात लावू देत नाही. रोज विचारते, "आत्याचा बैल रडतो का?"

सत्तावीस रुपये आणतो. सुट्टे.