मंदारदादांना पाठवलेला मेसेज: त्या मेलची आठवण

नमस्कार मंदारदादा, कसे आहात? काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणाला होतात, आता वॉकरशिवाय चालतात का?

दादा, एक आठवण करून द्यायची होती. गणपतीत तुमच्याकडे भोसरीला आरतीला आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात ना, की तुमच्या प्लांटला सप्लायर क्वालिटीची जागा निघतेय आणि क्वालिटी हेड मॅडमना मेल टाकतो, तुला सीसीत ठेवतो. त्याला आता तीन आठवडे होतील. तुमच्याकडे ऑडिट चालू होतं हे मला माहितीये, त्या दिवसांत जेवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मुद्दाम मध्ये काही विचारलं नाही.

पण काल ती जागा कंपनीच्या साइटवर दिसली आणि शेवटची तारीख येता शुक्रवार आहे. मी स्वतः अप्लाय करून टाकलं असतं, पण बऱ्याच कंपन्यांत एकदा आपण थेट अर्ज भरला की मग रेफरल धरत नाहीत, म्हणून थांबलेय. बुधवारपर्यंत तुमच्याकडून मेल गेला तर फार बरं होईल. नाही जमलं तर गुरुवारी मी साइटवरून भरून टाकते.

तुम्हाला टाइप करत बसायला नको म्हणून खाली लिहून देते, हवं तसं बदला:

"मॅडम, स्नेहाने माझ्या हाताखाली दोन वर्षं काम केलंय. ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमध्ये एकूण सात वर्षं, पीपॅप आणि एट-डी स्वतः करते, सप्लायरकडे जाऊन उभी राहते. सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी तिच्याशी एकदा बोलून बघाल का? सीव्ही जोडलाय. नोटीस पिरियड ६० दिवस."

आणि जमलं तर ती हाऊसिंगची केस पण सांगा ना, तुम्हीच तेव्हा मला रात्रपाळीला पाठवलं होतंत. लीक टेस्टला पार्ट फेल होत होते, सगळे मटेरियलला दोष देत होते आणि डायजवळ तीन रात्री उभं राहिल्यावर दिसलं की स्प्रे जास्त मारतायत, हवेने नीट उडवत नाहीत, डायवर पाणी तसंच राहतंय आणि त्यानेच आत गॅसची भोकं पडतायत. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

दादा, घाई एवढ्यासाठी की आमची लाइन साणंदला हलवतायत. आर्या आत्ताच पहिलीत गेलीय, सासूबाईंची तब्येत तुम्हाला माहितीच आहे, मला पुणे सोडणं शक्य नाही.

मॅडमशी बोलणं तुम्हाला आत्ता अवघड वाटत असेल, किंवा तिकडे आधीच कुणाचं ठरलं असेल, तर तसं मोकळेपणाने सांगा. मला अजिबात वाईट वाटणार नाही, फक्त कळलं की मी दुसरीकडे बघायला लागेन.

सीव्ही सोबत पाठवतेय, नवीन आहे, मागचा नका जोडू. फोन करायचा तर रात्री नऊनंतर कधीही करा. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांगा.

स्नेहा