नवा गूळ आला, तिळाचा घाणाही सुरू झालाय

संक्रांत जवळ आली, म्हणून आधी गुळाचं. मौद्याकडचा ऊस तोडल्यापासून 24 तासांच्या आत आम्ही गाळतो. ऊस शिळा झाला की भेली नीट बांधत नाही. रस काहिलीत तापला की ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस आणि थोडी चुन्याची निवळी घालतो. मळी फेसासोबत वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. बोटांत त्याची घट्ट गोळी वळली की काहील उतरली. रंग उजळवायला हायड्रोस घालत नाही, म्हणून हा गूळ गडद तपकिरी दिसतो आणि दर काहिलीला छटा थोडी बदलते.

तेल लाकडी घाण्याचं: शेंगदाणा, तीळ, जवस. घाणा मोटरवर हळू फिरतो, बाहेरून उष्णता देत नाही. तेल टाकीत निवळू देतो, मग कापडातून गाळून भरतो. रिफाइन करत नाही, त्यामुळे वास आणि रंग राहतो. तळाशी थोडा गाळ दिसला तर तो बियांचाच. जवसाचं तेल लवकर खवट होतं. लहान बाटली घ्या, फ्रीजमध्ये ठेवा आणि कच्चंच पिठल्यावर घ्या, तळायला नको.

बरेच जण विचारतात, लेबलवर ‘100% शुद्ध’ का नाही? अन्नपदार्थांच्या लेबलवर आणि जाहिरातीत ‘100%’ वापरू नका, अशी सूचना एफएसएसएआयने मे 2025 मध्ये दिली आहे, आणि ती आम्हाला पटते. ‘सेंद्रिय’ही लिहीत नाही, कारण आमच्या उसाला तसं प्रमाणपत्र नाही. मधुमेहात चालतो, हृदयाला चांगलं, असं तर मुळीच नाही. गूळ म्हणजे साखरच आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपला विकणं आम्हाला जमत नाही. शेंगदाणा आणि तीळ एकाच घाण्यावर निघतात, ॲलर्जी असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आम्ही सांगतो ते एवढंच: एका बाटलीत एकाच बीचं तेल, दुसऱ्या तेलाची भेसळ नाही. हंगामातल्या नमुन्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल दुकानात ठेवलाय, मागून बघा.

गूळ: 500 ग्रॅम ₹50, 1 किलो ₹95, 5 किलोची भेली ₹450.
शेंगदाणा तेल: 1 लिटर ₹340, 5 लिटर ₹1,650.
तीळ तेल: 500 मिली ₹260.
जवस तेल: 250 मिली ₹150.

किमती सर्व करांसह. तेलाच्या लेबलवर लिटरसोबत वजनही छापलंय; 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, त्यामुळे 1 किलोच्या पाकिटाशी भाव ताडताना वजन बघूनच ताडा. परवाना क्रमांक, बॅच आणि भरल्याची तारीख प्रत्येक पॅकवर आहे.

दुकान महालात, सकाळी 10 ते रात्री 8, सोमवारी बंद. डबा घरून आणलात तर तेल समोर मोजून भरून देऊ. तिळगुळासाठी 5 किलोच्या भेल्या हव्या असतील तर दोन दिवस आधी मेसेज करा.

#नागपूर #लाकडीघाणा #गूळ #जवसतेल #संक्रांत