आबांच्या काचबिंदूच्या थेंबांचं वेळापत्रक आणि सांभाळायच्या गोष्टी

(घरातल्यांनी हे आबांना सावकाश वाचून दाखवावं. वेळापत्रकाचा भाग मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला तर रोज वाचावा लागणार नाही. एक कागद फ्रिजवर, एक आबांच्या खाटेजवळ.)

आबा, तुमचे थेंब तीन बाटल्यांत आहेत. बाटलीवरची अक्षरं बारीक आहेत, ती तुम्हाला दिसणार नाहीत. म्हणून आम्ही बाटल्यांना रबर लावलेत. बोटानं चाचपून ओळखा.

एक रबर: लॅटानोप्रोस्ट. रात्रीची बाटली.
दोन रबर: डोर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र. सकाळ-संध्याकाळची बाटली.
तीन रबर: ब्रिमोनिडीन. सकाळ-संध्याकाळ, पण फक्त उजव्या डोळ्यात.

झाकणाच्या रंगावर जाऊ नका. मेडिकलमधून पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची बाटली आली की झाकण बदलतं, औषध तेच असतं. नवी बाटली आणली की सूनबाईंनी आधी नाव जुळवावं, मग जुन्या बाटलीचे रबर नव्या बाटलीला चढवावेत, आणि मगच जुनी टाकावी. आधी टाकली तर रबर कुठले कुणाचे हेच कळत नाही.

रोजची वेळ

सकाळी ७ वाजता: दोन रबर. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब.
सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी: तीन रबर. उजव्या डोळ्यात एक थेंब.
संध्याकाळी ७ वाजता, रंकाळ्यावरून फिरून आल्यावर: दोन रबर. दोन्ही डोळ्यांत एकेक.
संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी: तीन रबर. उजव्या डोळ्यात एक.
रात्री ९ वाजता: एक रबर. दोन्ही डोळ्यांत एकेक. दिवसातून एकदाच. ही बाटली दोनदा घातली तर गुण जास्त येत नाही, उलट कमी येऊ शकतो.

मधली १० मिनिटं गाळू नका. पाठोपाठ घातलं तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. घाई असेल तरी ५ मिनिटं तरी हवीतच.

थेंब घालताना

आधी हात धुवा. खाटेवर उताणे झोपा. बसून घालायचे तर डोकं मागं भिंतीला टेका. डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे तिथं लहानसा खळगा होतो. थेंब त्या खळग्यात पडायला हवा, बुबुळावर नको. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा, म्हणजे थरथर कमी होते. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका. लागलं की घाण आत जाते आणि पुढचे सगळे थेंब त्याच घाणीतून येतात.

तरीही नेम चुकत असेल तर उताणे झोपून डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडा आणि मग डोळा उघडा. थेंब आपोआप आत जातो.

थेंब पडला की डोळा अलगद मिटा. मिचकावू नका, घट्टही मिटू नका. नाकाकडचा कोपरा बोटानं २ मिनिटं दाबून धरा. हे बरेच जण सोडून देतात, आणि नेमकं हेच सोडायचं नाही. त्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी आहे. ती दाबली नाही तर औषध नाकातून रक्तात जातं. मग डोळ्याला कमी मिळतं आणि छाती, नाडी, तोंडाची चव यांना त्रास होतो.

थेंब आत पडला की बाहेर, हे कळत नसेल तर रात्रीची बाटली फ्रिजमध्येच राहू द्या. गार थेंब डोळ्याला लगेच जाणवतो. आत गेला अशी खात्री नसेल तर आणखी एक घाला. पण दोन-तीन थेंब गालावरून ओघळले म्हणून औषध जास्त लागलं असं नसतं. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते.

थेंब विसरला तर आठवल्याबरोबर घाला. पुढच्या वेळेला थोडाच अवधी राहिला असेल तर तो सोडा. दुप्पट घालू नका.

का घालायचे

काचबिंदूत डोळ्यातल्या दाबानं नजरेची नस सुकते. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून हे थेंब आहेत. थेंब घालूनही जास्त दिसायला लागणार नाही, दुखतही नाही, म्हणून लोक दोन महिन्यांनी "आता बरं आहे" म्हणून बंद करतात. दाब मात्र गुपचूप वाढतो. आमच्याशी बोलल्याशिवाय एकही बाटली बंद करू नका.

काय होऊ शकतं

एक रबर: डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस लांब व दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. हे चालतं. डोळा दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं तर कळवा.

दोन रबर: घातल्यावर झोंबतं, तोंड कडू होतं. यातलं टिमोलॉल मात्र नाडी मंद करू शकतं आणि दम्याच्या माणसाला धोक्याचं आहे. तुम्हाला दमा नाही असं तुम्ही सांगितलं आहे. पूर्वी कधी धाप लागून फवारा वापरला असेल तर आजच सांगा. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, चक्कर आली किंवा घशात घरघर सुरू झाली तर ही बाटली न घालता लगेच फोन करा. तुम्ही साखरेची गोळी घेता. साखर उतरली की छाती धडधडते आणि हात कापतात, पण टिमोलॉलमुळे हे कमी जाणवतं. घाम मात्र येतो. घाम फुटला की आधी साखर तपासा. यंत्र हाताशी नसेल तर चमचाभर साखर खा.
सल्फाच्या गोळ्यांनी कधी अंगावर पित्त उठलं असेल तर तेही सांगा, डोर्झोलामाइड त्याच जातीचं आहे.

तीन रबर: तोंड कोरडं पडतं, झोप येते. थेंब घालून लगेच रस्त्यावर जाऊ नका. काही महिन्यांनी डोळा लाल होऊन खाज येऊ लागली तर ती ॲलर्जी असते. चोळू नका, दाखवा.

दात काढायला, कुठलंही ऑपरेशन करायला किंवा बीपीची नवी गोळी घ्यायला गेलात तर "मी काचबिंदूचे थेंब घालतो" हे सांगा. हा कागद दाखवला तरी पुरे.

थेट दवाखान्यात

डोळा अचानक जोरात दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलट्या झाल्या, एकदम दिसेनासं झालं, किंवा दम लागला, ओठ-चेहरा सुजला, भोवळ येऊन पडलात, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्र असेल तर १०८ ला फोन करा किंवा सीपीआरच्या तातडीच्या विभागात जा. बाटल्या बरोबर घ्या.

करू नका

डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून विचारून आणलेला थेंब घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि दाब त्यानंच वाढतो. मध, गुलाबपाणी, एरंडेल यातलंही काही नको. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर थोडं थोडं प्या, एका वेळी जास्त पाणी गेलं की डोळ्याचा दाब चढतो. शीर्षासन बंद.

बाटल्या ठेवायच्या कशा

रात्रीची बाटली न उघडलेली असो वा उघडलेली, फ्रिजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात नको. बाकीच्या दोन कपाटात, उन्हापासून लांब. चैत्रात जोतिबाला जाताना बाटल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तिथं त्या तापतात. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करनं मोठी लिहा आणि ४ आठवड्यांनी, आत औषध उरलं तरी, टाकून द्या. पुढची बाटली एक आठवडा आधीच आणा. रविवारी मेडिकल बंद असलं की अडचण होते.

पुढच्या तपासणीला थेंब नेहमीप्रमाणे घालूनच या, नाहीतर थेंब चालतात की नाही ते दाबावरून कळत नाही. येताना तिन्ही बाटल्या, साखरेची फाइल आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास धूसर दिसेल, म्हणून बरोबर कुणाला तरी घेऊन या.