जाधव मॅडमना पाठवायचा मेसेज

संदीप, शाळेच्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट वाचला. जाधव मॅडमचे वडील गेले, वाईट वाटलं रे. ग्रुपवर दोन-चार ओळीच टाक, आणि मनातलं आहे ते मॅडमना वेगळं पाठव. दोन्ही लिहून देते. तात्यांबद्दल दिवाळीत तू जे सांगितलं होतंस तेच घातलंय, माझ्या मनाचं काही नाही. मुख्याध्यापकांच्या मेसेजमध्ये त्यांचं पूर्ण नाव आहे, पण मॅडम घरात तात्या म्हणायच्या असं तूच म्हणाला होतास, म्हणून मी तेच ठेवलं.

ग्रुपवर हे:

"जाधव मॅडम, तात्या गेल्याचं आत्ता वाचलं. प्रशिक्षणासाठी पुण्यात असल्यामुळे सकाळी संगम माहुलीला येता आलं नाही, याची रुखरुख वाटते. तुमच्या आणि घरच्या सगळ्यांच्या दुःखात सहभागी आहे. शुक्रवारी रक्षाविसर्जनाला येतो. तात्यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

आणि मॅडमना हे:

"मॅडम, नमस्कार.

तात्या गेले हे दुपारी ग्रुपवर वाचलं, आणि पुढचं प्रशिक्षण काही डोक्यात शिरलं नाही. फोन करावा असं फार वाटलं, पण आज तुमच्याकडे माणसांची ये-जा असेल, प्रत्येकाला तेच तेच सांगताना जीव थकत असेल, म्हणून लिहितोय. याला उत्तर द्यायची काही गरज नाही. सवडीनं वाचा.

तात्यांना मी प्रत्यक्ष एकदाच भेटलो, तुमच्या घराच्या वास्तुशांतीला. पण मला ते अनोळखी कधी वाटलेच नाहीत, कारण तुमच्या बोलण्यातून ते रोज स्टाफरूममध्ये यायचे. बामणोलीची मुक्कामी गाडी, यवतेश्वरचा घाट, कासच्या पठारावरचं पावसाळ्यातलं धुकं, आणि गाडी लागली की कुणाचं औषध, कुणाची चिठ्ठी, कुणाच्या लेकीचा निरोप घेऊन खाली उतरणारे तात्या. पलीकडच्या गावांतून लाँचने येणारी माणसं दिसेपर्यंत ते घंटी द्यायचे नाहीत, हे तुम्ही सांगितलं होतंत. तिकिटाला पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातले घालून हिशोब पुरा करायचे आणि घरी त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत, हेही. एस.टी.त इतकी वर्षं काढलेल्या माणसाला किती जणांनी नावानं ओळखलं असेल, याचा अंदाज आज माहुलीला जमलेल्या माणसांवरून तुम्हालाही आला असेल.

मला स्वतःला त्यांची एक गोष्ट कायमची लक्षात आहे. गेल्या वर्षी तुम्ही नववीला वेग आणि अंतर शिकवत होतात आणि मी शेजारच्या वर्गातून निघून तुमच्या दारापाशी थांबलो होतो. फळ्यावर तुम्ही सातारा ते बामणोली असा रस्ता काढला होता आणि त्यावर दर ६ किलोमीटरला एक खूण. 'हा एक टप्पा. माझे वडील कंडक्टर होते, त्यांनी मला गणित असं शिकवलं,' असं तुम्ही मुलांना सांगितलंत. मग टेबलावर पेनानं टकटक केलंत, तात्या तिकिटाच्या ट्रेवर पंच वाजवायचे तसं. शेवटच्या बाकावरच्या ज्या पोराला मी वर्षभर गणितात बोलतं करू शकलो नव्हतो, तो उठून म्हणाला, 'मॅडम, म्हणजे पाचव्या टप्प्याला ३० किलोमीटर!' तो आता दहावीला आहे आणि माझ्या तासालाही हात वर करतो. तात्यांनी तुम्हाला शिकवलं, तुम्ही त्याला शिकवलंत. तात्यांना हे कुणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. तुम्हाला मात्र सांगायचं राहिलं होतं.

वय झालं होतं, फार हाल न होता घरीच गेले, असं लोक म्हणतील. ते खरंही आहे. पण वय झालं म्हणून वडील जाण्याचं दुःख कमी होत नाही. गेले काही महिने तुम्ही शाळा सुटल्याबरोबर पहिल्या गाडीनं त्यांच्याकडे जायचात, रात्रीचं जेवण भरवून घरी परतायचात आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी उभ्या असायचात. हे आम्ही सगळे बघत होतो. त्यांची सेवा करण्यात तुम्ही काही कमी ठेवलं नाहीत. पुढे कधी 'अजून काहीतरी करायला हवं होतं' असं मनात आलं, तर हे आठवा.

शाळेचं काही मनात ठेवू नका. नववीच्या दोन्ही तुकड्यांच्या प्रयोगवह्या सोमवारी मी तपासायला घेतो, तुमचे तास मी आणि कुलकर्णी सर वाटून घेऊ. चाचणीचे गुण भरायची तारीख जवळ आली आहे, तुमची गुणपत्रकं कपाटात आहेत एवढं माहीत आहे. किल्ली कुणाकडे आहे ते फक्त कळवा. रजेचा अर्ज तुम्ही आल्यावर द्या, मुख्याध्यापकांशी मी बोलतो.

आणखी एक काम माझ्यावर सोडा. मृत्यू घरी झाला की नगरपालिकेत नोंद घरच्यांनाच द्यावी लागते, आणि ती २१ दिवसांच्या आत दिली की पुढे त्रास राहत नाही. आईंच्या पेन्शनसाठी, बँकेसाठी दाखल्याच्या प्रती लागतीलच. तुमचे भाऊ दिवस झाल्यावर मुंबईला परततील, तेव्हा ही धावपळ तुमच्या एकटीवर पडायला नको. शुक्रवारी मी येताना फॉर्म घेऊन येतो, तात्यांचं आधार कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला तेवढा काढून ठेवा. बाकी मी बघतो.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना दोन घास खायला लावा, आणि तुम्हीही खा. रात्री-अपरात्री काहीही लागलं, गाडी, डॉक्टर, कुणाला स्टँडवरून आणायचं, तर मला फोन करा. मी उद्या संध्याकाळी साताऱ्यात पोचतोय.

तुमचा,
संदीप"

एवढंच. एकदा नीट वाचून घे. पेनाची टकटक मला तुझ्याकडूनच कळली होती, त्यात काही इकडचं तिकडं झालं असेल तर सुधार, नाहीतर ते वाक्य काढून टाक. त्यांच्या वडिलांबद्दल एक शब्दही चुकीचा जायला नको. वह्या आणि दाखला मी तुझ्या नावावर लिहिलाय, तेव्हा जमणार असेल तरच ठेव. शुक्रवारी आठला रक्षाविसर्जन आहे, म्हणजे साडेसातलाच माहुलीला पोच. तिथून मॅडमच्या घरी गेलास तर आईंपाशी थोडा वेळ बस. दहाव्याला मी कराडहून येते, आपण दोघं मिळून जाऊ.