सदनिका क्र. ३०४ ची अनामत रक्कम परत मिळणे व कपातींच्या तपशिलाबाबत

दिनांक : २४ मे २०२५
पुणे

प्रति,
श्री. रघुनाथ केळशीकर
(सदनिका क्र. ३०४, बी विंग, कोथरूड, पुणे – ४११०३८ चे मालक)

ई-मेलने, तसेच पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने

संदर्भ : १) १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५ या मुदतीचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार
२) १७ मे २०२५ रोजी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आपला हिशोब

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

आपण १७ मे रोजी पाठवलेला हिशोब आणि त्याच दिवशी खात्यावर जमा झालेले २०,००० रुपये मिळाले, त्याबद्दल आभार. आमच्या ७५,००० रुपये अनामतीतून ५५,००० रुपये कापल्याचे त्यात दिसते. ही रक्कम मोठी असल्याने प्रत्येक बाब आम्ही करार, ३० एप्रिलचे फोटो आणि आपण पाठवलेली बिले यांच्याशी ताडून पाहिली. काही कपाती योग्य आहेत, त्या खाली स्पष्ट मान्य केल्या आहेत. उरलेल्यांबाबत मात्र आमची हरकत आहे.

कराराच्या कलम ११ प्रमाणे घराचा ताबा परत देताना अनामत बिनव्याजी परत करायची आहे. त्यातून वजा करायची ती फक्त थकबाकी आणि आमच्यामुळे झालेल्या नुकसानीची रक्कम, आणि 'नैसर्गिक झीज वगळून' असे शब्द त्याच कलमात आहेत. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ७३ सुद्धा कराराच्या भंगामुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरतीच भरपाई देते. म्हणून प्रत्येक बाबीला आम्ही तीनच प्रश्न लावले : नुकसान खरोखर झाले का, ते आमच्यामुळे झाले का, आणि आकारलेली रक्कम तेवढ्याच नुकसानीची आहे का.

रंगकाम – २६,००० रुपये

ही सर्वांत मोठी कपात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण पाठवलेल्या पेंटरच्या बिलात १,१८० चौरस फूट, दर २२ रुपये, म्हणजे २५,९६० रुपये असा हिशोब आहे आणि तो पूर्णांकात २६,००० केला आहे. या क्षेत्रात हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि तिन्हीकडची छते येतात. तीन करार मिळून आम्ही सलग ३३ महिने राहिलो. आतल्या भिंतींचा साधा डिस्टेंपर एवढ्या काळात फिका पडतो, पंख्याच्या वर छतावर काळपट वलय येते, स्विचबोर्डाभोवती हाताचे डाग पडतात. घर वापरले की हे होतेच आणि कलम ११ मधली नैसर्गिक झीज म्हणजे हेच.

शिवाय त्याच बिलात दोन हात पुट्टी, प्रायमर आणि प्रीमियम इमल्शन लिहिले आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतींना डिस्टेंपर होता. जुन्या डिस्टेंपरच्या जागी इमल्शन देणे ही घराची सुधारणा झाली, दुरुस्ती नव्हे. तिचा फायदा पुढची काही वर्षे आपल्याला आणि पुढच्या भाडेकरूंना मिळणार आहे.

बेडरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीचा मुद्दा वेगळा आहे. तिथे खालपासून अडीच-तीन फुटांपर्यंत पोपडे आले आणि लोणा लागला, हे खरे आहे. पण ही ओल बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांतून पावसाळ्यात आत येते. जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही फोटोसह ई-मेल केले होते. दोन्ही ई-मेल सोबत जोडले आहेत. एक सूचना आपल्या उपयोगाची म्हणून लिहितो : बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग न करता आतून पुट्टी-रंग दिला असेल, तर पुढच्या पावसात तोच पोपडा पुन्हा सुटेल. भिंतीतले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात आणि रंगाचा थर मागून ढकलतात. हा खर्च भाडेकरूकडून वसूल करण्याजोगा नाही.

आमच्याकडून झालेले नुकसान एवढेच : बेडरूमच्या पूर्वेकडच्या भिंतीवर मुलीने खडूने ओढलेल्या रेघोट्या आणि त्याच भिंतीवर फळीसाठी पाडलेली चार छिद्रे. ती भिंत ११ फूट × ९ फूट, म्हणजे ९९ चौरस फूट. आपल्याच पेंटरच्या दराने २,१७८ रुपये होतात. आम्ही २,२०० रुपये मान्य करतो. उरलेले २३,८०० रुपये परत मिळावेत.

गीझर – ७,४०० रुपये

या कपातीला बिल जोडलेले नाही. जुन्या गीझरच्या स्टिकरवर उत्पादनाचे वर्ष २०१४ आहे (फोटो सोबत), म्हणजे घर सोडताना तो सुमारे ११ वर्षांचा होता. टाकीच्या तळाशी गळती सुरू झाल्याचे आम्ही १२ मार्च २०२५ रोजी व्हॉट्सअॅपवर कळवले होते. आलेल्या प्लंबरने टाकी आतून गंजल्याचे आपल्याला फोनवर सांगितले होते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचे जड पाणी मिसळते. त्याने कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि टाकीचा गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडी झिजून संपते. ती वेळेवर बदलली नाही तर गंज थेट टाकीला लागतो. गीझर चुकीच्या पद्धतीने वापरल्याने ही गळती झालेली नाही. नवा गीझर आपल्याच मालकीचा राहणार आहे, त्यामुळे ११ वर्षे जुन्या वस्तूच्या बदल्यात नव्याची पूर्ण किंमत आमच्याकडून घेणे योग्य नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गीझरचा थर्मोस्टॅट आम्ही ९५० रुपये खर्चून बदलला होता. ते पैसे आम्ही मागितले नव्हते आणि आताही मागत नाही. ७,४०० रुपये पूर्ण परत मिळावेत.

बाथरूमचा दरवाजा – ६,५०० रुपये

दरवाजा खालून फुगला होता, याबद्दल दुमत नाही. कारण मात्र बांधणीत आहे. तो साध्या प्लायचा फ्लश डोअर होता, खालच्या कडेला लॅमिनेट किंवा अॅल्युमिनियमची पट्टी नव्हती. त्यातच बाथरूमच्या फरशीचा उतार न्हाणीकडे नसून दाराकडे आहे आणि उंबरा नाही. दररोज पाणी दारापाशी साचते आणि प्लायची उघडी कड ते शोषून घेते. एक बादली पाणी ओतून पाहिले तरी उतार लक्षात येईल. ३० एप्रिलला घर पाहताना आपल्यासमोर हे पाणी वायपरने ओढून दाखवले होते.

आता बसवलेला दरवाजा एफआरपीचा आहे आणि बिलात नव्या चौकटीचेही पैसे आहेत. जुनी चौकट शाबूत होती, फोटोत ती दिसते. ही कपात पूर्ण अमान्य आहे.

साफसफाई – ४,५०० रुपये

बिलाची तारीख १० मे आहे आणि त्यावर 'पोस्ट पेंट क्लीनिंग' असे लिहिले आहे. रंगकामानंतर फरशीवर पडलेले थेंब आणि पुट्टीची धूळ साफ करण्याचा तो खर्च आहे. आम्ही ३० एप्रिलला घर झाडून-पुसून, ओटा आणि संडास-बाथरूम घासून ताब्यात दिले. त्या दिवशीचा व्हिडिओ सोबत आहे, आणि 'किल्ल्या मिळाल्या, घर पाहिले' अशी आपली सही असलेली चिठ्ठीही आहे. चिमणीच्या जाळ्या मात्र तेलकट राहिल्या होत्या. बिलात चिमणीचे ८०० रुपये वेगळे दाखवले आहेत, ते मान्य. ३,७०० रुपये परत मिळावेत.

लाइट बिल – २,२०० रुपये

महावितरणचे हे बिल २०० युनिटचे आहे : ८ एप्रिलचे रीडिंग १४२१२ आणि मे महिन्यातले १४४१२. ३० एप्रिलला किल्ल्या देताना मीटरचा फोटो काढला होता, त्यात रीडिंग १४३७२ आहे. म्हणजे आमचा वापर १६० युनिट. उरलेले ४० युनिट आम्ही गेल्यानंतर, रंगकाम आणि सुतारकाम चालू असताना वापरले गेले. युनिटच्या प्रमाणात आमचा वाटा ८० टक्के, म्हणजे १,७६० रुपये, तो मान्य आहे. फरक ४४० रुपये.

सोसायटीचे ना-भोगवटा शुल्क – ६,६०० रुपये

आपण ३३ महिने × २०० रुपये असा हिशोब लावला आहे. कराराच्या कलम ७ प्रमाणे सोसायटीची देखभाल रक्कम आणि सोसायटीची सर्व देणी परवानादात्याने भरायची आहेत. हे शुल्क सोसायटी आपल्या सभासदाकडून घेते आणि सभासद आपण आहात. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के ठेवली, तीही सभासदाच्या बिलाबाबतच. तीन करारांपैकी एकातही हे शुल्क आमच्यावर टाकलेले नाही आणि ३३ महिन्यांत एकदाही ते मागितले गेले नाही. मुदत संपल्यावर सगळी रक्कम एकदम अनामतीतून कापता येणार नाही. ६,६०० रुपये परत मिळावेत.

मच्छरजाळी – १,८०० रुपये

हॉलच्या खिडकीची जाळी आमच्याकडून फाटली. पूर्ण मान्य.

हिशोब असा होतो. मान्य कपाती : रंग २,२०० + चिमणी ८०० + लाइट १,७६० + जाळी १,८०० = ६,५६० रुपये. अनामत ७५,००० मधून ६,५६० वजा जाता ६८,४४० रुपये देय होतात. त्यापैकी २०,००० मिळाले. बाकी ४८,४४० रुपये.

ही रक्कम कृपया १० जून २०२५ पर्यंत, २०,००० रुपये ज्या खात्यावर पाठवले त्याच खात्यावर जमा करावी. एखाद्या बाबीवर आपले मत वेगळे असेल तर त्या बाबीचे मूळ बिल, कामाआधीचे फोटो आणि कराराचे कलम लेखी कळवावे, आम्ही ते नक्की विचारात घेऊ. गीझरचे बिल तर पाठवावेच. वादातील एका बाबीसाठी मान्य असलेली रक्कमही अडकवून ठेवू नये, ही विशेष विनंती. प्रत्यक्ष बसून बोलायचे असल्यास ३१ मे किंवा १ जून रोजी आम्ही आपल्या सोयीच्या वेळी येऊ शकतो. येताना सगळी कागदपत्रे घेऊन येऊ.

१० जूनपर्यंत रक्कम किंवा लेखी उत्तर न मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवून उर्वरित रक्कम व्याज व खर्चासह मागावी लागेल. तशी वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे. ३३ महिने भाडे दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत आले, आणि आपणही घरातल्या लहानसहान दुरुस्त्यांना कधी नाही म्हटले नाही. म्हणूनच हा हिशोबही आपसात पुरा व्हावा.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपले,
स्नेहल तांबवेकर
अमेय तांबवेकर
(सदनिका क्र. ३०४ चे माजी परवानाधारक)

सोबत :
तिन्ही नोंदणीकृत करारांच्या प्रती (शेवटच्या करारातील कलम ७ व ११ अधोरेखित)
किल्ल्या परत केल्याची ३० एप्रिल २०२५ ची सही असलेली चिठ्ठी
३० एप्रिलचे फोटो व व्हिडिओ (ई-मेलमधील लिंक), मीटर रीडिंगच्या फोटोसह
ओलीबाबतचे जुलै २०२३ व ऑगस्ट २०२४ चे ई-मेल
गीझरच्या स्टिकरचा फोटो व १२ मार्च २०२५ चा व्हॉट्सअॅप संदेश
आपला १७ मे २०२५ चा हिशोब व त्यासोबत आलेली बिले