विषय: चादरीच्या तुकड्यांबाबत भेट – पुन्हा एकदा आठवण

नमस्कार अण्णा,

गेल्या सोमवारी, १२ तारखेला, तुमच्या भेटीसाठी वेळ मागितली होती. नंतर लक्षात आलं, ऐन गड्ड्याच्या आठवड्यातच मी मेसेज टाकला. त्या गर्दीत तो खाली गेला असेल, म्हणून पुन्हा लिहितेय.

काम छोटंच आहे. चादरी कापताना उरणारे आणि विणताना डाग पडलेले तुकडे मला नियमित विकत हवे आहेत. त्यांच्या पिशव्या शिवून आम्ही नवी पेठेतल्या दोन दुकानांत ठेवतो. मोर आणि वेलबुट्टीचे तुकडे तर गिऱ्हाईक आधी उचलतं! सुरुवातीला महिन्याला पंधरा-वीस किलो पुरेल. भाव तुम्ही सांगा, पैसे रोख देईन, माल मीच येऊन घेऊन जाईन.

या गुरुवारी किंवा शनिवारी दुपारी चारनंतर अक्कलकोट रोडच्या कारखान्यावर आले तर चालेल का? वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणार नाही. शिवलेल्या तीन पिशव्या दाखवायला आणते. तुम्ही बाहेरगावी असाल तर मुनीमजींशी बोलले तरी चालेल, फक्त त्यांना तेवढं सांगून ठेवा.

आणि तुकडे आधीच कुणाला ठरलेले असतील, तर तसं मोकळेपणानं कळवा. मला अजिबात वाईट वाटणार नाही, दुसरीकडे विचारीन. या मेसेजला नुसतं ‘गुरुवार’, ‘शनिवार’ किंवा ‘नको’ लिहिलंत तरी पुरे.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची,
अनघा
(दिवाळीत काकांसोबत कारखान्यावर आले होते, ती)